असईचा ‘जनरल’ नक्की कधी जनरल झाला? जुन्या सेनापतीचा हुद्दा गॅझेट आणि मस्टरवरून कसा पडताळायचा

दरवर्षी २३ सप्टेंबर जवळ आला की आमच्या इतिहासाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर असईच्या लढाईचे फॉरवर्ड फिरायला लागतात. जालना जिल्ह्यातलं असई, केळणा आणि जुई नद्यांच्या मधली ती जागा, १८०३ साल, एका बाजूला शिंदे-भोसले आणि समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. एका फॉरवर्डमध्ये तो ‘जनरल’ असतो, दुसऱ्यात ‘कर्नल’, तिसऱ्यात तर ‘१७८७ पासून भारतात लढत असलेला अनुभवी सेनापती’. मग भांडण सुरू, कुणीतरी विकिपीडियाची लिंक टाकतं, कुणीतरी म्हणतं विकिपीडियावर काय कोणीही लिहितं, आणि विषय तिथेच मरतो.

खरं तर हे भांडण मिटवता येतं, कारण ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्याचा प्रत्येक हुद्दा त्या काळात छापून जाहीर व्हायचा आणि प्रत्येक पलटणीची हजेरी कागदावर असायची. फक्त ते कागद वाचायची एक रीत आहे, ती माहीत नसली की छापील सरकारी कागदावरूनसुद्धा माणूस साफ चुकीचा निष्कर्ष काढतो. मी स्वतः काढलेला आहे, सांगतो पुढे.

आधी तीन कागद ओळखून घेऊ

पहिला कागद म्हणजे गॅझेट. लंडन गॅझेट हे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, १६६५ पासून निघतंय, आणि कोणाला कोणत्या पलटणीत कोणता हुद्दा मिळाला हे त्यात छापलं जायचं. ‘गॅझेटेड ऑफिसर’ हा आपल्याकडचा शब्द याच पद्धतीतून आलाय. दुसरा कागद म्हणजे आर्मी लिस्ट, सगळ्या अधिकाऱ्यांची दरवर्षी छापलेली यादी. तिसरा कागद मस्टर, म्हणजे पलटणीची हजेरी आणि पगाराचा तक्ता. हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही, मस्टरवर सही करणं, रोजगार हमीचं मस्टर, हे आपण रोज बोलतो.

या तिघांचं नातं लक्षात ठेवायचं असेल तर गावातल्या तलाठ्याकडे या. गॅझेट म्हणजे फेरफार: अमक्या तारखेला हा बदल झाला, एवढंच सांगतो. आर्मी लिस्ट म्हणजे सातबारा: सगळे फेरफार जमेस धरून आज स्थिती काय आहे. आणि मस्टर म्हणजे प्रत्यक्ष शेतात कोण उभा आहे त्याची पाहणी. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे माणूस शेतात नांगर धरून उभा आहे असं कोणी समजत नाही, पण सेनापतींच्या बाबतीत नेमकं हेच समजलं जातं.

नाव टाकून शोधलं तर काहीच सापडत नाही

गॅझेटचे जुने अंक thegazette.co.uk वर फुकट बघता येतात. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा सर्चमध्ये सरळ `Wellesley` टाकलं, १७८७ ते १७९६ अशी वर्षं दिली आणि कामाचं काहीच हाताला लागेना. त्या रात्री मी ग्रुपवर मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलं की याच्या सुरुवातीच्या बढत्या गॅझेटमध्ये नाहीतच, बहुतेक नंतर रचलेल्या गोष्टी आहेत. 

चूक माझी होती. या घराण्याचं आडनाव तेव्हा ‘वेस्ली’ असं लिहिलं जायचं, १७९८ मध्ये त्यांनी ते ‘वेलस्ली’ करून घेतलं. म्हणजे त्याआधीच्या नोंदी `Wesley` या नावाखालीच बघायला पाहिजेत. आणि तरीसुद्धा सगळ्या मिळत नाहीत, कारण त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला एस लांब काढायचे, दिसायला अगदी एफसारखा, आणि स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर त्याला एफच समजतं. म्हणून `Wefley` असंही टाकून बघावं लागतं. हसू येतं पण हे खरंच चालतं, जुन्या गॅझेटमध्ये अशा ‘एफ’वाल्या नावांचा ढीग असतो.

त्याहून भरवशाची पद्धत म्हणजे नाव शोधायचंच नाही. अंदाजे तारीख माहीत असेल तर त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांचे अंक उघडायचे, त्यात वॉर ऑफिसचं शीर्षक शोधायचं आणि खाली पलटणीच्या आकड्यावर नजर फिरवायची. नोंद साधारण अशी असते: ३३वी पायदळ पलटण, अमुक माणूस अमुक हुद्द्यावर, ‘व्हाईस’ तमुक. हा व्हाईस म्हणजे उपाध्यक्षातला ‘उप’ नाही, त्याचा अर्थ ‘त्याच्या जागी’. हा छोटा शब्द फार कामाचा आहे, कारण ज्याच्या जागी आला तो मेला, रिटायर झाला की वर गेला हेही बहुतेक वेळा तिथेच लिहिलेलं असतं, आणि मग त्या दुसऱ्या माणसाच्या नोंदीवरून आपल्या माणसाची तारीख उलट बाजूने तपासता येते. दोन फेरफार एकमेकांशी जुळले पाहिजेत, तसंच.

आता वेलस्लीची पाटी मांडून बघू

७ मार्च १७८७ ला तो ७३व्या पायदळ पलटणीत एन्साइन झाला, म्हणजे अधिकाऱ्यांमधली सगळ्यात खालची पायरी. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ७६व्या पलटणीत लेफ्टनंट. पुढच्याच महिन्यात ४१व्या पलटणीत बदली. १७८९ मध्ये १२व्या लाइट ड्रॅगून्समध्ये, म्हणजे घोडदळात. ३० जून १७९१ ला ५८व्या पायदळात कॅप्टन, १७९२ मध्ये १८व्या लाइट ड्रॅगून्समध्ये, ३० एप्रिल १७९३ ला ३३व्या पायदळात मेजर आणि पाचच महिन्यांनी ३० सप्टेंबर १७९३ ला तिथेच लेफ्टनंट कर्नल. वय २४.

साडेसहा वर्षांत सात पलटणी. हे बघून वाटतं की काय लढवय्या माणूस असेल, सगळीकडे पाठवत होते. तसं काही नाही. तेव्हा हुद्दे विकत घेता यायचे, अगदी कायदेशीर, आणि पैसेवाल्या किंवा वजनदार घरातली पोरं जिथे वरची जागा रिकामी होईल तिथे उडी मारायची. ३३व्या पलटणीतली मेजरकी त्याने थोरल्या भावाकडून घेतलेल्या पैशांवर विकत घेतली. आणि या बहुतेक काळात तो डब्लिनमध्ये लॉर्ड लेफ्टनंटचा, म्हणजे आयर्लंडमधल्या राजाच्या प्रतिनिधीचा, एडीसी होता, शिवाय १७९० पासून आयरिश पार्लमेंटचा मेंबर.

आता त्या ‘१७८७ पासून भारतात’वाल्या फॉरवर्डचा उगम कळतो. ७३वी पलटण १७८७ मध्ये खरंच भारतात होती. कोणीतरी गॅझेट किंवा त्यावरून उतरलेली यादी वाचली, पलटणीचा पत्ता बघितला, आणि माणसाला तिच्यासोबत भारतात आणून बसवला. नोंद खरी आहे आणि निष्कर्ष खोटा. तो पहिल्यांदा भारतात उतरला फेब्रुवारी १७९७ मध्ये, कलकत्त्याला, ३३व्या पलटणीबरोबर.

मग हजर होता की नव्हता हे कुठे कळणार?

इथे मस्टर लागतं. गॅझेट म्हणजे बदलीची ऑर्डर, आणि ज्यांच्या घरात मास्तर किंवा ग्रामसेवक आहे त्यांना माहीतच असतं की ऑर्डर निघणं वेगळं आणि हजर झाल्याचा रिपोर्ट देणं वेगळं. मधे माणूस मेडिकल टाकतो, ऑर्डर फिरवून घेतो, काय काय होतं.

ब्रिटिश पायदळ आणि घोडदळाची जुनी मस्टर लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, `WO 12` या मालिकेत, १७३२ पासून १८७८ पर्यंतची. जाडजूड वह्या, पलटणीवार बांधलेल्या. त्यात प्रत्येक माणसाचं नाव, हुद्दा, किती दिवसांचा पगार, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सगळी गंमत त्या शेऱ्यात. रजेवर, आजारी, दुसऱ्या कामावर, अजून रुजू नाही, मयत, सगळं तिथे. साध्या शिपायाच्या बाबतीत तर तो पलटणीतून कमी झाला तेव्हाच्या नोंदीत कधीकधी जन्मगाव आणि आधीचा धंदासुद्धा मिळतो.

वाचताना एक सवय लावून घ्यायची. एकच मस्टर बघून थांबायचं नाही, आधीचं आणि नंतरचं उघडायचं. नाव ज्या मस्टरमध्ये पहिल्यांदा उगवतं आणि ज्यात शेवटचं दिसतं त्या दोन टोकांमधून सेवेचा काळ ठरतो, आणि मधे एखादं मस्टर गायब असेल तर तेवढी फट प्रामाणिकपणे ‘या दोन तारखांच्या मधे केव्हातरी’ अशीच लिहायची. बरेच जण इथे घाई करतात आणि मस्टरची तारीख हीच रुजू झाल्याची तारीख म्हणून ठोकून देतात.

अडचण ही की या वह्यांचा फार थोडा भाग घरबसल्या फुकट बघायला मिळतो, बाकीच्यांसाठी तिथे जावं लागतं नाहीतर पैसे भरून कॉपी मागवावी लागते.

कर्नल आणि लेफ्टनंट कर्नल, दोन्ही एकाच वेळी?

हो, आणि सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. ३ मे १७९६ ला तो कर्नल झाला. पण ३३व्या पलटणीत त्याची जागा होती लेफ्टनंट कर्नलचीच. पहिल्या प्रकाराला ब्रेव्हेट म्हणतात: सैन्याच्या एकूण यादीत वरचा हुद्दा, पण आपल्या पलटणीत जागा जुनीच. आपल्याकडे सेवाज्येष्ठता यादीत माणूस वर सरकतो पण शाळेत त्याचा वर्ग तोच राहतो, तसं काहीसं.

म्हणजे १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हाचे दोन कागद घेतले, एकात कर्नल आणि दुसऱ्यात लेफ्टनंट कर्नल असं दिसलं, तर एक खोटा नाही, दोन्ही खरे आहेत, फक्त प्रश्न वेगळे आहेत. आर्मी लिस्टमध्ये हे एका नजरेत कळतं, कारण पलटणीच्या पानावर दोन रकाने असतात, एक पलटणीतला हुद्दा आणि तारीख, दुसरा सैन्यातला. पण दुसरा रकाना लोक वाचतच नाहीत.

अजून एक गाठ. पलटणीच्या पानावर सगळ्यात वर ‘कर्नल’ म्हणून एक मोठं नाव असतं, ३३व्या पलटणीच्या बाबतीत ते कॉर्नवॉलिसचं होतं. तो मानाचा मालक, पलटण घेऊन फिरणारा नव्हे. कॉर्नवॉलिस १८०५ मध्ये गाझीपूरला वारला, त्यानंतर जानेवारी १८०६ मध्ये वेलस्ली ३३व्या पलटणीचा असा ‘कर्नल’ झाला, तेव्हा तो भारत सोडून गेला होता आणि मेजर जनरल होऊन चार वर्षं होत आली होती. आता कोणी ‘१८०६ मध्ये कर्नल’ एवढंच वाचलं तर त्याला वाटणार याला खाली उतरवला की काय!

तर मग असईला तो कोण होता?

मेजर जनरल. तारीख २९ एप्रिल १८०२. म्हणजे असईच्या सतरा महिने आधी, त्यामुळे ‘कर्नल वेलस्ली’वाले फॉरवर्ड चूक. नुसतं ‘जनरल’ हे बोलण्यात चालतं, समोरासमोर मेजर जनरललाही जनरलच म्हणतात, पण हुद्दा म्हणून लिहायचं तर मेजर जनरल. लेफ्टनंट जनरल तो १८०८ मध्ये झाला, आणि १८११ मध्ये जनरल झाला तोही फक्त स्पेन-पोर्तुगालपुरता, लोकल रँक म्हणतात त्याला, त्या मुलुखाची हद्द ओलांडली की उतरला.

पण २९ एप्रिल १८०२ या तारखेतही मेख आहे. त्याला स्वतःला ही बातमी कळली सप्टेंबर १८०२ मध्ये, कारण कागद जहाजाने यायचा. म्हणजे मधले काही महिने तो मेजर जनरल होता आणि त्याला ते माहीत नव्हतं! त्या काळातल्या मद्रासच्या किंवा म्हैसूरच्या कागदात ‘कर्नल वेलस्ली’ असंच सापडणार आणि तो कागद खोटा नाही. म्हणून भारतातल्या अधिकाऱ्याच्या बाबतीत निदान तीन तारखा वेगळ्या लिहायच्या: हुद्द्याची तारीख, गॅझेटच्या अंकाची तारीख, आणि स्थानिक कागदात नवा हुद्दा पहिल्यांदा दिसल्याची तारीख. सरकारी नोकरीतल्या लोकांना यातली पहिली लगेच कळेल, ती म्हणजे आपला ‘मानीव दिनांक’. ऑर्डर आज निघाली तरी बढती धरायची मागच्या तारखेपासून.

त्याच दिवशी फक्त वेलस्लीच मेजर जनरल झाला असंही नाही, कर्नलांची एक अख्खी खेप वर गेली. जॉन होप म्हणून पुढे स्पेनमध्ये लढलेला एक अधिकारी आहे, त्याची कर्नलकीची तारीख ३ मे १७९६ आणि मेजर जनरलकीची २९ एप्रिल १८०२, तंतोतंत हीच. ही पडताळणीची चांगली युक्ती आहे. एखादी तारीख शंकास्पद वाटली तर त्याच सुमाराच्या बाकीच्या कर्नलांच्या तारखा बघायच्या, सगळ्यांची तीच असेल तर ती मोठ्या खेपेची तारीख आहे, आणि फक्त आपल्याच माणसाची दोन दिवसांनी इकडेतिकडे असेल तर बहुधा कोणीतरी उतरवताना चुकलंय.

‘एवढा किस कशाला पाडायचा?’

असं आमच्या ग्रुपवरच्या एका काकांनी विचारलं. कारण तारखेवर माणसं चालायची, काका. हुद्दा सारखा असेल तर ज्याची तारीख आधीची तो वरचा, आणि तारीखही एकच असेल तर यादीत ज्याचं नाव वर तो वरचा. श्रीरंगपट्टणवर प्रत्यक्ष हल्ला चढवला मेजर जनरल डेव्हिड बेअर्डने, आणि शहराचा कारभार मिळाला कर्नल असलेल्या वेलस्लीला, ज्याचा सख्खा भाऊ गव्हर्नर जनरल होता. बेअर्ड का भडकला हे हुद्दे माहीत असल्याशिवाय कळतच नाही. दोघांनाही ‘जनरल’ लिहून टाकलं की ती सगळी गोष्टच सपाट होते.

‘गॅझेटमध्ये नाही म्हणजे तो हुद्दा खोटाच ना?’

नाही. असईच्या मोहिमेत वेलस्लीच्या हाताखाली कर्नल स्टीव्हन्सन होता, त्याच्या बढत्या लंडन गॅझेटमध्ये शोधत बसलात तर डोळे जातील. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास सैन्याचा माणूस, राजाच्या नाही. तेव्हा भारतात दोन वेगळी सैन्यं एकत्र लढत होती आणि दोघांची दप्तरं वेगळी. कंपनीच्या अधिकाऱ्यांसाठी ब्रिटिश लायब्ररीतलं इंडिया ऑफिसचं दप्तर बघायचं, त्यात मद्रासच्या लष्करी कागदांची मालिका `L/MIL/11` आणि मुंबईच्या `L/MIL/12`. ज्यांचे पूर्वज मुंबईच्या पलटणींत होते त्यांनी ही दुसरी लिहून ठेवा. त्यामुळे शोध सुरू करायच्या आधी पहिला प्रश्न हाच: राजाचा की कंपनीचा?

आणि तिसरीही जात होती. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी चालवत होता पोहलमन, मूळचा हॅनोव्हरकडचा, आधी सार्जंट होता म्हणतात, आणि इंग्रज लेखक त्याला कर्नल म्हणतात. ती कर्नलकी शिंद्यांनी दिलेली, ती लंडनच्या राजपत्रात कशाला येईल.

‘मस्टर तर पगाराचा कागद, तो खोटा नसणार’

उलट पगाराचा कागद आहे म्हणूनच जपून. रोजगार हमीच्या मस्टरवर मेलेली माणसं खड्डे खणतात हे आपण पेपरात वाचलंय, तसंच त्या काळी पलटणींच्या हजेरीत कागदोपत्री माणसं असायची, काही तर वरून मान्य केलेली. सेनापतीच्या बाबतीत हा धोका कमी असतो पण दुसरा एक असतो: त्याच्या पलटणीचं मस्टर त्याचा ठावठिकाणा सांगेलच असं नाही. असईला ३३वी पलटण नव्हतीच. तिथे होत्या ७४वी आणि ७८वी हायलँडर पलटण, १९वे लाइट ड्रॅगून्स आणि कंपनीच्या देशी पलटणी. म्हणजे ३३व्या पलटणीचं १८०३ चं मस्टर आणून कोणी म्हणालं की बघा, पलटण तर दुसरीकडे आहे, मग वेलस्ली असईला कसा, तर तो कागद बरोबर वाचतोय आणि तरी फसतोय. सेनापती पलटणीबाहेरच्या नेमणुकीवर होता, त्याची पलटणीतली जागा फक्त नावापुरती अडवलेली. अशा नेमणुका शोधायच्या तर मस्टर सोडून महिन्याचे रिटर्न, म्हणजे सैन्याच्या हजेरीचे मासिक तक्ते, बघावे लागतात, `WO 17` मध्ये, आणि मद्रास सरकारचे लष्करी हुकूम.

श्रीरंगपट्टणचा कारभार किंवा म्हैसूरमधलं सैन्य सांभाळणं या नेमणुका होत्या, हुद्दे नव्हेत, आणि लंडन गॅझेटच्या बढत्यांच्या यादीत त्या शोधू नयेत. हुद्दा खांद्यावर, नेमणूक खुर्चीवर.

शेवटी ग्रुपवर काय टाकलं

एवढं सगळं करून मी जी पोस्ट टाकली ती चारच ओळींची होती. आर्थर वेलस्ली, १७९८ पर्यंत वेस्ली. असईच्या दिवशी सैन्यातला हुद्दा मेजर जनरल, २९ एप्रिल १८०२ पासून, बातमी भारतात सप्टेंबर १८०२ मध्ये. पलटणीतली जागा ३३व्या पायदळात लेफ्टनंट कर्नल, ३० सप्टेंबर १७९३ पासून, पण ती पलटण असईला नाही. भारतात फेब्रुवारी १७९७ पासून, १७८७ पासून नाही.

काकांनी अंगठा दिला. पाच मिनिटांनी त्यांच्याच नंबरवरून ‘फील्ड मार्शल वेलस्लीचा असईत विजय’ असा फॉरवर्ड आला. फील्ड मार्शल तो २१ जून १८१३ चा आहे, काका.